ताटं मांडता मांडता : प्रस्तावना

हा संच ज्या आईसाठी केला आहे, ती ही प्रस्तावना बहुधा वाचणार नाही. कुणी चौथीत शाळा सोडली, कुणाला सही करता येते आणि बसची पाटी ओळखता येते, तर कुणाला वाचता येतं पण दिवसभराच्या कामानंतर दोन पानं सलग वाचायला डोळे तयार नसतात. म्हणून ही पानं तिच्या हाती कार्ड देणाऱ्यांसाठी आहेत. अंगणवाडीच्या बाई, वस्तीतली लीडर माता, घरातली आठवीतली मोठी बहीण, कधी रिक्षा चालवून संध्याकाळी लवकर घरी येणारा बाप. कार्डावर अक्षरं जवळजवळ नाहीत. त्यामुळे त्यात काय आहे आणि काय नाही, हे कुणीतरी आधी समजून घ्यायला हवं.

घरातल्या वस्तूंनी शिकवण्याची कल्पना नवी नाही आणि तिचं मूळ महाराष्ट्रातच आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसोरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर पोचणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि बिया, खडे, पानं, शिंपले यांतून साहित्य उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपण सरकारी योजनेचं नाव म्हणून वापरतो, पण त्यामागे हे पाड्यावरचं खरंखुरं अंगण आहे.

कार्डांची गोष्ट त्या मानाने अलीकडची. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यभरातल्या शाळांत ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे झाले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि प्रथम ही संस्था त्यामागे होत्या. पहिलीत जाणारं मूल एकेका टेबलापाशी जायचं. उडी मारायची, वस्तूंचे गट करायचे, चित्र बघून गोष्ट सांगायची, वस्तू मोजायच्या. काय जमलं ते विकासपत्रावर लिहिलं जायचं. मग आयांचे छोटे गट करून त्यांना आयडिया कार्डं दिली गेली, सुट्टीत घरी करायच्या गोष्टींची, आणि जूनमध्ये दुसरा मेळावा झाला. आमच्या नागपूरकडे ही सुट्टी आणखी लांबते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी अकरा ते पाच मूल घरातच असतं, कूलरसमोर. या संचातली बरीचशी कार्डं त्या दुपारींसाठी आहेत.

मेळाव्यातल्या कार्डांमुळे आम्हाला एक वाट सापडली. पण वस्तीत फिरताना एक अडचण वारंवार दिसली. आई कार्ड हातात घ्यायची, उलटसुलट बघायची आणि विचारायची, “बाई, यात काय लिहून आहे?” चित्रं समोर असायची, पण ती चित्रं वाचावी कशी, हे तिला कुणी सांगितलेलंच नसायचं. हा संच तिथून सुरू झाला.

संच समजून घ्यायला एकच कार्ड नीट बघू. सगळी कार्डं सांगत बसण्यापेक्षा एक पुरेसं आहे. कार्डाचं नाव ‘ताटं’. चित्रात चार चौकटी आहेत. पहिलीत घरातली चार माणसं जमिनीवर बसली आहेत. दुसरीत मूल प्रत्येकापुढे एक ताट ठेवतं. तिसरीत ते एकेका ताटात एक वाटी ठेवत जातं. चौथीत आई एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवते आणि मूल उरलेली वाटी हातात धरून उभं आहे. आईने इतकंच बोलायचं, “आजीला मिळाली का?”

याला गणित म्हणावं का, असं एका पर्यवेक्षिका बाईंनी विचारलं होतं. या वयाचं नेमकं गणित हेच आहे. तीन-साडेतीन वर्षांचं मूल पाहुण्यांपुढे एक ते वीस धडाधड म्हणून दाखवतं, आणि आईला वाटतं मोजणं आलं. पण त्याच मुलाला सांगा, “बाबू, मला तीन वाट्या दे.” ते मूठभर वाट्या उचलून देतं, कधी सगळ्याच. त्याच्यासाठी ‘एक, दोन, तीन’ ही अजून एक म्हणण्याची ओळ आहे, ‘अडगुलं मडगुलं’सारखी. केरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकी हीच साधी परीक्षा वापरून दाखवलं की मुलं आधी ‘एक’चा अर्थ शिकतात, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि मोजण्याचा शेवटचा शब्द म्हणजे त्या ढिगातल्या वस्तूंची संख्या, हे उमगायला साधारण वर्ष लागतं. घाई केल्याने ते वर्ष आखूड होत नाही. पण रोज थोडं काम झालं तर मधल्या पायऱ्या रिकाम्या राहत नाहीत.

म्हणून हे कार्ड हाताळताना आधी मूल कुठे आहे ते बघायचं. तेही घरातल्या घरात. समोर सात-आठ वाट्या ठेवा. “एक वाटी दे.” दिली. “दोन दे.” दोनच दिल्या आणि थांबलं. “तीन दे.” मूठभर दिल्या. म्हणजे हे मूल ‘दोन’वर आहे. आता या मुलाबरोबर दहापर्यंत मोजण्याचा काही उपयोग नाही. काम तीनवर करायचं, म्हणजे ते जिथे आहे त्याच्या एकच पाऊल पुढे. विचारताना “मोज” हा शब्द वापरू नये. तो ऐकताच मूल ओळ म्हणायला लागतं आणि हात वेगळंच काहीतरी करत राहतात.

शिकवतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक आया उलटा करतात. मूल वाट्यांवर बोट ठेवून “एक, दोन, तीन” म्हणतं आणि आई लगेच पुढच्या वस्तूकडे वळते. त्यात मुलाच्या कानावर ‘तीन’ हा तिसऱ्या वाटीचा शब्द म्हणून पडतो, सगळ्या वाट्यांचा म्हणून नाही. म्हणून आईने आधी पूर्ण ढिगाचं नाव घ्यायचं, “बघ, तीन वाट्या,” आणि लगेच एकेकीवर बोट ठेवत मोजायचं, “एक, दोन, तीन.” मग पुन्हा हात सगळ्यांवरून गोल फिरवून “तीन.” कार्डावर हा हात गोल फिरवणं कसं दाखवायचं, यावर आम्ही दोन महिने घालवले. बाणाने कुणालाच कळेना. शेवटी वाट्यांभोवती खडूने काढलेलं वर्तुळ दाखवलं. आता आई खरोखर जमिनीवर खडूने वर्तुळ काढते. आमच्या मनात हे नव्हतं, पण ते आणखी चांगलं झालं.

वस्तू निवडताना मराठीनेही मदत केली. ‘वाटी’ एक आणि ‘वाट्या’ अनेक, हा फरक कानाला ऐकू येतो. ‘लाडू’ मात्र एक असो की पाच, लाडूच. ‘ग्लास’चंही तसंच. ज्या भाषांत एक आणि अनेक यांचे शब्द वेगळे पडतात, त्या भाषांतली मुलं ‘एक’चा अर्थ काहीशी आधी पकडतात असं अनेक भाषांतल्या मुलांच्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणून मोजण्याच्या कार्डांत वाट्या, ताटल्या, चमचे, पोळ्या, डबे ठेवले आणि लाडू व ग्लास पुढच्या कार्डांवर ढकलले. दहाच्या पुढे तर आम्ही जातच नाही. दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आल्यावर जो वाद झाला, तो मराठीतल्या मोठ्या आकड्यांच्या नावांचा होता. तीन वर्षांच्या मुलाला दहापर्यंतच्या शब्दांचा अर्थ कळणं हेच पुरेसं मोठं काम आहे.

हे कार्ड फसलं की फसल्याचं कसं कळतं? दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे “किती वाट्या दिल्या?” असं विचारल्यावर मूल शेवटचा आकडा न सांगता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. याचा अर्थ मोजणं अजून ओळच आहे. ते चूक नाही, फक्त एवढंच कळतं की अजून तीन-चार आठवडे ‘तीन’वरच राहायचं. दुसरी खूण आईची. ती जेवण वाढण्याची वेळ सोडून मुलाला बाजूला बसवून कार्ड ‘घेते’, शाळेसारखं. मूल दोन मिनिटांत पळून जातं. या कार्डाचा सगळा जीव खऱ्या जेवणात आहे. आजीपुढे वाटी नसेल तर वरण कुठे वाढायचं हा खरा प्रश्न पडतो, आणि मूल तो मनापासून सोडवतं.

आता चित्रांबद्दल. ज्यांना लहानपणापासून पुस्तकं मिळाली, त्यांना चित्र वाचणंही शिकावं लागतं हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला. पहिल्या छपाईत आम्ही मसूर निवडणारा फक्त हात दाखवला होता, मनगटापासून. दोन आयांनी तो हात तुटलेला आहे असं समजून कार्ड बाजूला ठेवलं. डाळीचा दाणा स्पष्ट दिसावा म्हणून मोठा करून काढला, तर तो बटाटा वाटला. नागपुरी भाषेत सांगायचं तर आलू. चुकीच्या गोष्टीवर मारलेली लाल फुली कुणाला सजावट वाटली. चार चौकटींचा क्रम डावीकडून उजवीकडे असतो, हे ज्याला वाचायची सवय आहे त्यालाच माहीत. एका आजींनी पूर्ण कार्ड उलट्या क्रमाने वाचलं. त्यांच्या दृष्टीने मूल आधी वाटी हातात घेऊन उभं होतं आणि शेवटी सगळी माणसं जेवायला बसली. गोष्ट म्हणून ते चूकही नव्हतं.

त्यातून या संचाची चित्रं ठरली. माणूस पूर्ण दिसेल, निदान कमरेपर्यंत. वस्तू हाताच्या मापाच्या प्रमाणात. चौकटी एकाखाली एक, आडव्या नाहीत, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात टिकल्या : पहिलीवर एक, दुसरीवर दोन. काय करू नये हे दाखवायचंच नाही, फक्त काय करायचं तेच. पार्श्वभूमी पांढरी, कारण भांड्यांची मांडणी काढली की आया मांडणीवरचे डबे मोजत बसतात. रंगांवर भरवसा ठेवणारं एकही कार्ड नाही. हे कार्ड चौकातल्या झेरॉक्सवर काळं-पांढरं होणार हे आम्ही गृहीत धरलं आहे. लाल आणि पिवळं ओळखायचं तर घरात टमाटर आणि हळद आहेत, छापलेला लाल कशाला हवा.

चित्र समजलं की नाही, हे आम्ही एकाच पद्धतीने तपासलं. कार्ड आईच्या हातात द्यायचं, काही न सांगता, आणि म्हणायचं, “करून दाखवा.” “समजलं का?” हा प्रश्न निषिद्ध होता, कारण त्याला उत्तर नेहमी “हो” असतं. करून दाखवताना आई जिथे अडते ती चौकट बदलायची. ‘ताटं’ कार्डाची तिसरी चौकट पाचदा बदलली आहे.

मग शब्द. कार्डाच्या मागच्या बाजूला सेविकेसाठी दोन ओळी आहेत, आणि आईला ऐकवण्यासाठी फोनवर पाठवायचा एका मिनिटाचा आवाज. पहिला मसुदा शुद्ध होता. त्यात ‘पातेले’, ‘उलथने’, ‘कोथिंबीर’ होते. आमच्याकडे घरात गंज असतो, सराटा असतो आणि भाजीवर सांबार घालतात. तांब्याला गडवा म्हणतात, शेंगदाण्याला फल्ली. मुलाला पहिल्यांदा वस्तूचं नाव त्याच्या घरातलं मिळायला हवं. ‘पातेले’ ते पहिलीत शिकेलच, आणि तेव्हा त्याला कळेल की गंजालाच पातेलंही म्हणतात. शिवाय नागपूरच्या वस्त्यांमध्ये घरातली भाषा एकच नसते. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या छत्तीसगढी, कुठे गोंडी. सेविकेला आमची विनंती आहे की आवाज ऐकवताना थांबा आणि आईला विचारा, “तुमच्या घरी याला काय म्हणता?” तेच नाव वापरा. आमची ओळ पाठ करू नका.

वस्तू घरातल्या आहेत म्हणून सुरक्षित आहेत, असं मात्र नाही. हा मुद्दा मी इतर सगळ्यांपेक्षा जोर देऊन सांगते. तूर, हरभरा, चिंचोके, फल्लीदाणे, शर्टाची बटणं ही वर्गीकरणाला फार छान, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात किंवा नाकात अडकायला तितकीच सोपी. नाकात गेलेला हरभरा ओला होऊन फुगतो, मग तो डॉक्टरकडेच निघतो. घरी चिमट्याने काढू नये, तो आणखी आत जातो. मोजमाप सोपं ठेवलं आहे : पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढी किंवा त्याहून लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. आणि घरात साडेतीन वर्षांचं मूल कार्ड करत असेल तर दीड वर्षाचं भावंडही तिथेच रांगत असतं, हे कार्ड देणाऱ्याने विचारूनच घ्यायचं. त्या घरी डाळींचं कार्ड देऊ नये. झाकणांचं द्यावं, डब्यांना झाकणं जुळवण्याचं. ते तितकंच उपयोगी आहे आणि स्टीलचं झाकण गिळता येत नाही.

पाण्याचं कार्डही असंच विचार करून घेतलं. गडव्याने बादलीतून गंजात पाणी ओतायचं, किती गडवे मावतात ते बघायचं. मे महिन्यात पाणी दिवसाआड येणाऱ्या घरात कुणी ते करू देईल का? म्हणून कार्डाच्या शेवटच्या चौकटीत तेच पाणी कूलरच्या टाकीत जातं. दुपारी कूलरमध्ये पाणी टाकायचंच असतं. आता ते मुलाचं काम झालं आहे, आणि सांडलेलं पाणी पुसायचं फडकंही चित्रात त्याच्याच हातात आहे.

एवढं सगळं नीट केल्यावरही कार्ड एकटं काही करत नाही. हे मला जमैकाच्या एका प्रयोगातून फार स्पष्ट कळलं. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्य कार्यकर्तीला पाठवलं, दोन वर्षं. सोबत खेळणी होती ती डबे, बाटल्या, पुठ्ठे यांपासून केलेली. कार्यकर्ती आईला मुलाशी खेळून दाखवायची आणि मग आईला खेळायला लावायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी भेट झाली नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. बाटलीच्या खुळखुळ्याने हे झालेलं नाही. दर आठवड्याला कुणीतरी घरात येऊन बसत होतं आणि मागच्या आठवड्याचं विचारत होतं, त्याने झालं, असं मी मानते.

म्हणून या संचात कार्डं एकदम द्यायची नाहीत. बारा कार्डं एका दमात दिलेल्या घरांत ती दुसऱ्या आठवड्यात गादीखाली गेली. आठवड्याला एक द्या. पुढच्या भेटीला नवीन कार्ड काढायच्या आधी जुनं मागा आणि म्हणा, “दाखवा बरं, बाबू कसा करतो.” जुनं झालं नसेल तर नवीन देऊ नका. त्याच कार्डावर बसून एकदा सोबत करा, आणि का झालं नाही ते आईकडून ऐका. बहुतेक वेळा कारण वेळेचं असतं, समजुतीचं नसतं. पारडीकडच्या एका वस्तीत एक आई पहाटे चारला उठून घरोघरी धुणीभांडी करायला जायची आणि संध्याकाळी सातला परतायची. तिच्या घरी जेवणाची ताटं आजी मांडायची. आम्ही कार्ड आईला देत राहिलो आणि ते होत नाही म्हणून चिंता करत राहिलो. चौथ्या भेटीत आजीच्या हातात दिलं. त्या रात्रीपासून तो पोट्टा ताटं मांडायला लागला. हे आम्हाला पहिल्याच भेटीत विचारता आलं असतं.

कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक आहे. ते गॅसजवळच्या खिळ्याला अडकवण्यासाठी. कार्ड लॅमिनेट केलेलं आहे, ओल्या हाताने धरलं तरी चालतं. तेल लागलं तर पुसा. पहिल्या भेटीला बाई, तुम्ही स्वतः खिळा शोधा, कार्ड अडकवा आणि मुलाच्या उंचीला दिसतंय ना ते खाली बसून बघा. मग वाट्या मागा. सात-आठ पुरतील. आणि मुलाला म्हणा, “एक दे.”